प्रश्न सातवा: प्रौढ म्हणजे कोण?

“ढ” हे अक्षर मी शिक्षक-खोलीत जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा पहिलीच्या वर्गातही ऐकलं नसेल. पेपर तपासायला घेतले की कोणीतरी लाल पेनाचं टोपण काढत म्हणायचंच, “ढ आहेत हो, दगड आहेत नुसते.” माझ्या डोक्यात तिडीक जायची. आजही जाते. मुलांना एखादी गोष्ट येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही, हे बघायचे कष्ट घ्यायचे नसले की हे एक अक्षर फार सोयीचं पडतं.

मी तेव्हा धुळ्यातल्या एका खाजगी शाळेत नववी ब ला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत होते, आणि त्याच वर्गाची वर्गशिक्षिका होते. अठराव्या वर्षी मत द्यायचा कायदा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझं माहेर जामनेरकडचं, म्हणजे पूर्व खानदेशातलं. धुळ्याकडची अहिराणी कानात बसायला मला वर्ष लागलं, पण एकदा बसली ती बसलीच. वर्गात निम्मी मुलं शहरातली, ट्यूशन आणि गाइडवाली. उरलेली शाळेच्या मागच्या मजूर वस्तीतली, आणि काही सरकारी वसतिगृहात राहणारी, खेड्यापाड्यांतून आलेली.

त्या वर्षी दुसऱ्या घटक चाचणीनंतर हेडसरांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, “दहावीचा निकाल घसरलाय. संस्थेने विचारणा केलीय. दहावीत जाऊन नापास होणारी पोरं नववीतच थांबवा. प्रत्येक वर्गातून खालची नावं काढा.”

म्हणजे शिकवायचं नाही, गाळायचं. गव्हाला चाळणी लावतात तशी पोरांना चाळणी लावायची, आणि जे वर राहील त्यावर शंभर टक्के निकालाचा फलक रंगवायचा. बाकीचे शिक्षक माना हलवत होते. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या वर्गातली एकच मुलगी आली.

ती दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातली, बौद्ध कुटुंबातली. बाप नव्हता. आई शेतमजुरी करायची. मुलगी धुळ्यात मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. वसतिगृहाचा नियम सरळ होता: नापास झालं की जागा गेली. जागा गेली की गावी परत, आणि गावात शाळा सातवीपर्यंतच. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि हेडसरांनाही माहीत होतं, कारण वसतिगृहाच्या प्रवेशाच्या कागदांवर दरवर्षी त्यांचीच सही असायची.

चाचणीत तिला नागरिकशास्त्रात फारच कमी गुण होते. ज्या घराच्या भिंतीवर घटनाकारांचा फोटो लावलेला असतो आणि त्याला रोज हात जोडले जातात, त्या घरातली मुलगी नागरिकशास्त्रात नापास. मला हे पटेना. मी गुण बघायचं सोडलं आणि प्रश्न बघायला घेतले.

बी.एड.ला असताना आम्हाला चाचणीचं पदविश्लेषण, म्हणजे एकेका प्रश्नाची झडती कशी घ्यायची ते, शिकवलं होतं. सगळ्यांनी ते परीक्षेत लिहून पास झाल्यावर विसरून टाकलं होतं. मीही कधी केलं नव्हतं. त्या रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी वर्गाचा सगळा गठ्ठा खाटेवर पसरला. एकूण गुणांप्रमाणे सगळ्या उत्तरपत्रिका वरपासून खालपर्यंत लावल्या. वरच्या पाव हिश्श्याहून थोड्या जास्त घेतल्या, तो वरचा गट. तितक्याच खालच्या घेतल्या, तो खालचा गट. मधल्या बाजूला ठेवल्या. मग एका मोठ्या कागदावर डाव्या बाजूला दोन्ही गटांचे हजेरी क्रमांक लिहिले, वर प्रश्नांचे क्रमांक लिहिले, आणि प्रत्येक प्रश्नाला कोणी अ, ब, क, ड यांपैकी काय निवडलं ते एकेक करून भरत गेले.

हे काम कंटाळवाणं आहे. माझ्या नवऱ्याने दोनदा विचारलं, “परत तपासतेयस का?” मी म्हटलं, “मुलांना नाही, पेपराला तपासतेय.”

दोन्ही गट मिळून किती जणांना प्रश्न सुटला, यावरून तो किती अवघड गेला ते कळतं. वरच्या गटात किती सुटला आणि खालच्या गटात किती, त्यातल्या फरकावरून तो प्रश्न जाणणाऱ्याला आणि न जाणणाऱ्याला वेगळं करतो की नाही ते कळतं. पण मला खरी गंमत पुढे दिसली. चुकलेल्यांनी नेमकं कोणतं चुकीचं उत्तर निवडलं, तिथे.

सर्वांत जास्त चुकलेले तीन प्रश्न होते. शिक्षक-खोलीत तिन्ही प्रश्नांना एकच निदान मिळालं असतं: अभ्यास केला नाही. कागद मात्र तीन वेगळ्या गोष्टी सांगत होता.

एक प्रश्न होता, राज्यसभा किती वर्षांनी विसर्जित होते? दोन वर्षं, पाच वर्षं, सहा वर्षं, आणि विसर्जित होत नाही, असे चार पर्याय. चुकलेल्यांची उत्तरं तिन्ही चुकीच्या पर्यायांवर सारखी विखुरलेली. म्हणजे मुलांनी नुसते अंदाज ठोकले होते. त्यांच्या डोक्यात त्याबद्दल चूकही नव्हती आणि बरोबरही नव्हतं. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात, सभागृह कायम राहतं, हे मुळातून शिकवायला हवं होतं.

दुसरा होता, खालीलपैकी कोणता हक्क मूलभूत हक्क नाही? उत्तर मालमत्तेचा हक्क. हा वरच्या गटालाही सुटला नव्हता आणि खालच्यालाही नाही. “नाही” हा शब्द ओळीच्या टोकाला, छपाईत पुसट. मुलांनी पहिला ओळखीचा हक्क दिसला तिथे खूण केली. हा मुलांचा दोष नव्हता, पेपर काढणाऱ्याचा होता. पेपर आमच्या पर्यवेक्षकांनी काढला होता. हा प्रश्न उजळणीत घेऊन वेळ दवडण्यात अर्थ नव्हता. पुढच्या वेळी “नाही”खाली रेघ मारली असती तरी पुरलं असतं.

आणि तिसरा, प्रश्न सातवा. “प्रौढ मताधिकार म्हणजे कोणाला मत देण्याचा अधिकार?” अ: साक्षर नागरिकांना. ब: वयाची अट पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना. क: निरक्षर व वयस्कर नागरिकांना. ड: कर भरणाऱ्या नागरिकांना.

वरच्या गटाने जवळजवळ एकमताने ब लिहिलं होतं. खालच्या गटाने जवळजवळ एकमताने क.

मी कागदाकडे बघतच राहिले. अंदाज ठोकणारी पोरं अशी एका जागी जमत नाहीत. अ वर एकही नाही, ड वर एक, आणि क वर बाकी अख्खा गट. ही पोरं काहीतरी खात्रीने जाणत होती. त्यांना कोणीतरी, कुठेतरी प्रौढ म्हणजे निरक्षर असं शिकवलं होतं, आणि ते इतकं पक्कं की चार पर्यायांत त्यांनी जरासुद्धा घुटमळून पाहिलं नव्हतं.

मी उजळणीसाठी तीन तास मागितले. हेडसर म्हणाले, “उजळणी पहिल्या धड्यापासून घ्या, गाइडमधले महत्त्वाचे प्रश्न पाठ करून घ्या.” मी म्हटलं, “सर, सुटलेले प्रश्न पुन्हा कशाला शिकवू? मला न सुटलेले शिकवू द्या.” त्यांनी हात झटकला. तो होकार समजून मी वर्गावर गेले.

फळ्यावर सातवा प्रश्न लिहिला. उत्तर सांगितलं नाही. विचारलं, “ज्यांनी क लिहिलं, त्यांनी का लिहिलं? कोणी रागावणार नाही.”

माना खाली गेल्या. शिक्षकाने का म्हणून विचारलं की त्यामागून छडी येते असा आमच्या मुलांचा अनुभव. मग वसतिगृहातली ती मुलगी उभी राहिली. प्रमाण बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, “बाई, प्रौढ म्हणजे ज्यांना वाचता येत नाही ते.” आणि मग एकदम घरच्या बोलीत, “मनी माय प्रौढले जास ना.”

माझी आई प्रौढला जाते.

मागच्या बाकांवरून माना हलल्या. कोणाची आजी प्रौढला जायची, कोणाचे वडील. तिच्या गावात होता तसा वर्ग आमच्या शाळेतही भरायचा. कोपऱ्यातल्या खोलीवर पाटी होती: प्रौढ शिक्षण वर्ग. संध्याकाळी वस्तीतली माणसं पाट्या घेऊन तिथे बसायची, आणि मुलं घरी जाताना रोज ती पाटी वाचायची. “प्रौढला जाणे” हा त्यांच्या बोलण्यातला रोजचा शब्द होता. प्रौढ म्हणजे अंगठा लावणारे, उशिरा शाळेत बसणारे. शिकलेल्या माणसाला कोणी प्रौढ म्हणत नाही. आम्ही सरकारी पाट्यांनी त्यांना तो शब्द शिकवला, पाठ्यपुस्तकात त्याच शब्दाला दुसरा अर्थ दिला, आणि मध्ये एक वाक्यसुद्धा खर्च केलं नाही. वर त्यांना ढ म्हणून मोकळे झालो.

मी विचारलं, “आपले हेडसर प्रौढ आहेत की नाही?”

सगळा वर्ग ओरडला, “नाही!”

“का?”

“ते तर बी.ए. शेत ना बाई,” बी.ए. आहेत ना, असं मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. मीही हसले. मग मुलांना सांगितलं, आपापल्या घरातल्या मोठ्या माणसांची नावं न घेता सांगा, कोणाला वाचता येतं आणि कोण मत द्यायला जातं. एकाची आजी वाचत नव्हती, मत देत होती. एकीचा कॉलेजात शिकणारा भाऊ यंदा पहिल्यांदा मत देऊन आला होता, बोटावरची शाई महिनाभर मिरवत होता. एकाचे वडील दुकानदार, एकाचे हमाल, दोघंही मतदानाच्या एकाच रांगेत उभे राहिलेले. मी फळ्यावर लिहीत गेले आणि विचारलं, “यात सगळ्यांत सारखं काय?”

“सगळे मोठे आहेत,” ती मुलगी म्हणाली.

“मोठे म्हणजे?”

“वयानं.”

मग सांगितलं, इंग्रजांच्या काळात मत द्यायला जमीन लागायची, कर भरलेला लागायचा, शिक्षण लागायचं. तुमच्या प्रश्नातले अ आणि ड हे त्या काळातले पर्याय आहेत. घटनेने त्या सगळ्या अटी काढून टाकल्या आणि फक्त वय ठेवलं. पूर्वी एकवीस, आता अठरा. अठरा पुरी झालेला प्रत्येकजण प्रौढ. तुझी आई प्रौढ, मी प्रौढ, हेडसर प्रौढ, पंतप्रधान प्रौढ.

शेवटच्या बाकावरचा एकजण हळूच म्हणाला, “बठ्ठा प्रौढ?” सगळेच? मी म्हटलं, “बठ्ठा.” तास संपल्याची घंटा कोणी ऐकलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसरांनी बोलावलं. खुर्चीत बसले होते, चेहरा लाल. शाळेच्या समितीतल्या एका गृहस्थांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याने घरी जाऊन कौतुकाने सांगितलं होतं. ते फिरून फिरून इथवर आलं होतं.

“बाई, तुम्ही भर वर्गात मला प्रौढ म्हणालात?”

मला आधी वाटलं थट्टा करतायत. मग ते खुर्चीतून उठले.

“सर, प्रौढच आहात तुम्ही. मीही आहे.”

“मी बी.ए. बी.एड. आहे! पोरांसमोर मला प्रौढ म्हणता? वर्गात दात काढून हसलात म्हणे!”

मी तिथे उभी राहून विचार करत होते की हा माणूस नागरिकशास्त्राच्या पेपरावर सही करतो. प्रश्न सातवा त्यांना दिला असता तर त्यांनीही क लिहिलं असतं, आणि त्यांना कोणी नववीत थांबवलं नसतं. मी शक्य तितक्या सावकाश सांगितलं की शब्दाचा अर्थ वय असा आहे, निरक्षर असा नाही, आणि मुलांची हीच चूक दुरुस्त करण्यासाठी तो तास घेतला. पुरावा म्हणून माझा मोठा कागद त्यांच्यापुढे ठेवला. “बघा सर, क वर किती आहेत. मुलांना येत नाही असं नाही, त्यांना वेगळं शिकवलं गेलंय.”

त्यांनी कागदाकडे पाहिलं. सातव्या रकान्याकडे नाही. डावीकडे, जिथे मी खालच्या गटाचे हजेरी क्रमांक लिहिले होते. राग एकदम उतरला. चष्मा पुसला.

“हे बरं केलंत बाई. खालची नावं आयतीच मिळाली.”

मला कळायला क्षणभर वेळ लागला. तोवर त्यांनी लिपिकाला हाक मारली होती आणि तो माझ्या कागदावरून क्रमांक उतरवून घेत होता. कोणते प्रश्न नीट शिकवले गेले नाहीत हे सांगणारा कागद होता तो. त्यातून त्यांनी कोणती मुलं नकोत एवढंच काढून घेतलं. मी म्हटलं, “सर, हा गट एका चाचणीपुरता केलाय. तुलना करायला. उजळणीनंतर तो बदलतो, बदलायलाच हवा.” ते म्हणाले, “कागद कागदच असतो.” मी कागद ओढून घेतला. तोवर क्रमांक उतरवून झाले होते.

मी आठवड्याने तेवढ्या प्रश्नांची छोटी चाचणी घेतली. तोच प्रश्न जसाच्या तसा विचारला असता तर मुलांनी अक्षर पाठ करून लिहिलं असतं. म्हणून वेगळा विचारला: एका गावात एक निरक्षर शेतमजूर, एक पदवीधर, एक सतरा वर्षांचा दहावी पास मुलगा आणि एक वीस वर्षांची अडाणी मुलगी. प्रौढ मताधिकाराने मत कोणाला देता येईल, आणि का? खालच्या गटातल्या बहुतेकांनी सतरा वर्षांचा मुलगा सोडून सगळे लिहिले आणि कारणही दिलं. पहिल्या चाचणीतली दोन गटांमधली दरी सातव्या प्रश्नापुरती बुजली होती. मी तो निकाल घेऊन हेडसरांकडे गेले. ते म्हणाले, “ठेवा तिथे.” कागदावर पेपरवेट ठेवला. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं होतं. बाकी काही उमटलं नव्हतं.

वार्षिक परीक्षेचे नागरिकशास्त्राचे पेपर मला तपासायला दिले नाहीत. पर्यवेक्षकांकडे दिले. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर जे तोंडून निघालं असतं त्याने नोकरी तिथेच गेली असती.

निकालाच्या बैठकीत मला कळलं की ती मुलगी इतिहास-नागरिकशास्त्रात दोन गुणांनी नापास आहे. बाकी सगळ्या विषयांत पास. मी तिची उत्तरपत्रिका मागितली. पर्यवेक्षक का-कू करायला लागले. मी वर्गशिक्षिका होते, उत्तरपत्रिका बघायचा मला हक्क होता. शेवटी दिली.

“प्रौढ मताधिकार म्हणजे काय ते थोडक्यात लिहा.” तीन गुणांचा प्रश्न. तिने लिहिलं होतं:

“अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मत देता येते याला प्रौढ मताधिकार म्हणतात. त्याला शिक्षण, जात, जमीन, पैसा यांची अट नाही. माझ्या आईला पूर्ण वाचता येत नाही. पण मोजताना तिचे मत आणि आपल्या हेडसरांचे मत एक-एकच धरतात.”

समोर लाल शाईत भलं मोठं शून्य. आणि शेरा: विषयांतर व उद्धटपणा.

मी उत्तर बैठकीत मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर मी पर्यवेक्षकांना विचारलं, “यात चूक काय ते सांगा. एक शब्द दाखवा.”

पर्यवेक्षक म्हणाले, “व्याख्या बरोबर आहे. पण शेवटचं वाक्य…”

“शेवटचं वाक्य व्याख्येचं उदाहरण आहे. आणि बरोबर उदाहरण आहे.”

“मुख्याध्यापकांचा उल्लेख करायची गरज नव्हती.”

भूगोलाचे सर आमच्यात सर्वांत वयस्कर, सहसा गप्प बसणारे. ते एवढंच म्हणाले, “उत्तर बरोबर असेल तर गुण द्यायला हवेत.” हेडसरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा खिडकीकडे बघायला लागले.

मी म्हटलं, “दोन गुण द्या. तीन नका देऊ. दोन द्या. ती पास होते.”

हेडसर म्हणाले, “एकदा दिलेले गुण बदलायची आपल्याकडे पद्धत नाही.”

हे वाक्य म्हणून होताच त्यांनी समितीतल्या त्या गृहस्थांच्या मुलाला गणितात सहा कृपागुण दिले. त्याच टेबलावर, त्याच पेनाने. तो मुलगा वरच्या गटातला होता, वर्गात हुशार, मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. गणितात एखाद्याचा दिवस वाईट जातो. पण तिलाही कृपागुण देता आले असते. दोनच लागत होते.

मी विचारलं, “हिला का नाही?”

ते म्हणाले, “हिचं नाव खालच्या यादीत आहे. तुमच्याच कागदावरून घेतलंय, बाई.”

मी निकालपत्रकावर सही केली नाही. वर्गशिक्षकाच्या जागेवर रेघ मारली आणि पेन टेबलावर ठेवून उठले. हेडसरांनी तिथे स्वतःची सही केली. शाळेचा कारभार माझ्या सहीवाचून अडला नाही, कुठलाच कारभार तसा अडत नसतो. बाहेर व्हरांड्यात येऊन मी भिंतीवर हात आपटला. दुखलं, आणि त्या दुखण्याचाही राग आला.

निकालाच्या दिवशी तिची आई दोंडाईच्याहून एसटीने आली. ठेंगणी, उन्हाने रापलेली बाई. पदराच्या टोकाने तोंड पुसत माझ्याजवळ आली. मुलगी बाजूला उभी, प्रगतिपुस्तक छातीशी धरून.

“बाई, पोरनं चुकीनं लिखं का?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “बरोबर लिहिलं होतं.”

“मंग नापास कसाले?”

हेडसरांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी मुद्दाम मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “कारण इथे बरोबर लिहिण्याची शिक्षा होते.” आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला ते फार नवीन वाटलं नसावं.

पुढच्या आठवड्यात मी वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे गेले. बाई चांगल्या होत्या, पण नियम नियम होता. नापास म्हणजे जागा रद्द. वाट बघणाऱ्या मुलींची रांग होती. त्यांनी विचारलं, “शाळेने फेरविचार केला तर?” मी हेडसरांना पुन्हा भेटले. ते म्हणाले, “निकाल लागला बाई, आता विसरा.” संस्थेच्या कार्यालयात अर्ज दिला. त्याचं उत्तर आलं ते माझ्या बदलीच्या आदेशाच्या रूपाने. जळगाव जिल्ह्यात, संस्थेच्या दुसऱ्या एका शाळेत, जूनपासून रुजू व्हा.

मेच्या शेवटी ती दाखला घ्यायला एकटी आली. आई कामावर होती. कपाशीची सरी पाडायचे दिवस होते. मी तिला माझ्याकडे घरी नेलं, जेवायला घातलं. तिने पोटभर खाल्लं. मला वाटलं होतं ती रडेल, मी मनाची तयारी केली होती. ती रडली नाही. ताट उचलून मोरीत ठेवलं आणि हात पुसत मला विचारलं, “बाई, हा प्रश्न परत कधी आला तर मी काय लिहायचं?”

“कोणता?”

“प्रौढचा. हेच लिहू, की शेवटचं वाक्य गाळू?”

परत कधी हा प्रश्न येणार होता? तिच्या गावात आठवीसुद्धा नव्हती, जागा गेली होती, दाखला तिच्या पिशवीत होता. ते सगळं आम्हा दोघींना माहीत होतं, तरी ती मला परीक्षेतलं विचारावं तसं सरळ विचारत होती. उत्तरपत्रिकेत कसं लिहिलं की गुण मिळतात एवढंच आम्ही तिला शिकवलं होतं, आणि ती अजून ते शिकायला तयार होती.

“हेच लिही,” मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की शेजारीण दारात आली. “एक शब्दही गाळू नकोस.”

ती म्हणाली, “बरं, बाई,” आणि पिशवी खांद्याला लावून एसटी स्टँडकडे निघाली.